‘अचानक’ हा शब्द खोडल्यावर

ब्रिटनमध्ये परिचारिकेला आपली नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागते. ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ या तिथल्या नियामक संस्थेने 2016च्या एप्रिलपासून तसा नियमच केला आहे. कामाचे आणि प्रशिक्षणाचे तास दाखवायचे हे समजण्यासारखं आहे. पण त्यासोबत पाच लेखी मनन-टिपणंही द्यावी लागतात. कामावर काय घडलं, त्यातून काय उमगलं, त्यानंतर कामात काय बदललं, हे परिचारिकेने स्वतः लिहायचं आणि मग दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी त्यावर समोरासमोर बोलायचं.

महाराष्ट्रात शिकून तिकडे गेलेल्या मुलींना बाकी सगळं जमतं, इथे मात्र त्या अडतात. कारण रुग्णालयात काही बिनसल्यावर लिहायचा एकच कागद त्यांना माहीत असतो, तो म्हणजे लेखी खुलासा. खुलाशात माणूस एकतर हात झटकतो किंवा हात जोडतो. दोन्हीत शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि मनन-टिपण खुलाशाच्या वळणावर गेलं की तेही तसंच कोरडं होतं.

ते तसं होऊ नये म्हणून बहुतेक नर्सिंग महाविद्यालयं ग्रॅहम गिब्ज यांचं चक्र शिकवतात. गिब्ज हे शिक्षणतज्ज्ञ, परिचारिका नव्हेत. 1988 साली अध्यापकांसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेत त्यांनी हा क्रम मांडला आणि परिचारिकांनी तो उचलला. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढचा कृती-आराखडा असे त्याचे सहा टप्पे. कौन्सिलच्या फॉर्मवर गिब्जचं नाव नाही, तिथे वेगळे चार प्रश्न आहेत. पण त्यांची उत्तरं शोधायला हे चक्र कामी येतं. त्याची सगळी खुबी एका बंधनात आहे: एका टप्प्याचं काम दुसऱ्यात करायचं नाही.

एक उदाहरण घेऊ. ते एका कुणाचं नाही, अशा टिपणांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते समजावण्यासाठी रचलं आहे. नाशिककडून जीएनएम करून इंग्लंडला गेलेली एक परिचारिका, अस्थिरोग वॉर्ड, बारा तासांची नाइट. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी: “त्या रात्री स्टाफ कमी होता, वॉर्डमध्ये प्रचंड धावपळ होती आणि पहाटे एका वृद्ध रुग्णाची तब्येत अचानक बिघडली.”

वाक्य खोटं नाही. पण त्यात वर्णनही नाही. ‘प्रचंड’ हा निवाडा झाला आणि ‘अचानक’ हा बचाव. वर्णनाच्या टप्प्यावर फक्त दिसलेलं, ऐकलेलं आणि केलेलं लिहायचं, तेही घड्याळाच्या काट्यासोबत. तसं लिहायला बसल्यावर तिच्या हातून हे उतरलं:

रात्री आठच्या हँडओव्हरमध्ये कळलं की 78 वर्षांच्या आजी, खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस, कमी ऐकू येतं. माझ्याकडे बारा रुग्ण, मदतीला एक हेल्थकेअर असिस्टंट. दोन वाजून दहा मिनिटांनी असिस्टंट म्हणाली, “त्या माझ्याकडे घराच्या किल्ल्या मागतायत. संध्याकाळी अशा बोलत नव्हत्या.” मी दुसऱ्या रुग्णाला शिरेतून औषध देत होते. ते संपवून गेले. श्वासाची गती मिनिटाला 22, ऑक्सिजन 96 टक्के, वरचा रक्तदाब 118, नाडी 96, ताप 37.9 अंश सेल्सियस. आजींनी डोळे उघडून उत्तर दिलं. शुद्धीच्या रकान्यात मी ‘सावध’ अशी खूण केली. गुण 3. पुढची तपासणी चार तासांनी ठरवली. चार-चाळीसला असिस्टंटने हाक मारली, आजींनी हातातली सुई उपसली होती. श्वास 26, ऑक्सिजन 92, रक्तदाब 98, नाडी 114, ताप 38.4, बोलणं असंबद्ध. गुण 13. लगेच डॉक्टरांना फोन केला. छातीतला संसर्ग आणि त्यातून सेप्सिस असं निदान झालं. ऑक्सिजन, रक्ततपासणी, प्रतिजैविकं, सलाइन. सव्वासहाला आजींना अतिदक्षता विभागात हलवलं. सहा दिवसांनी त्या वॉर्डात परतल्या.

‘अचानक’ आपोआप गळून पडलं. दोन-दहा आणि चार-चाळीस यांच्यामध्ये अडीच तास आहेत, आणि दोन-दहाला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं.

पुढचा टप्पा भावनांचा. हा टप्पा अनेकींना बायकी हळवेपणा वाटतो आणि त्या ‘मला वाईट वाटलं’ असं लिहून पुढे सरकतात. पण इथे प्रश्न नंतर काय वाटलं हा नसून त्या क्षणी काय वाटत होतं हा आहे. हिने प्रामाणिकपणे लिहिलं की दोन-दहाला तिला असिस्टंटची चीड आली होती. त्या तासाभरातली ती चौथी हाक होती. शिवाय रात्री डॉक्टरांना उठवून ‘एवढ्यासाठी फोन केलात?’ हे ऐकण्याची धास्तीही होती. चीड चुकीची होती की बरोबर, हे इथे ठरवायचं नाही, ती होती एवढंच नोंदवायचं. तिचं काय झालं ते पुढे कळतं.

मूल्यमापन थोडक्यात उरकता येतं. चार-चाळीसनंतरचं सगळं नेटकं झालं: फोनवर आधी परिस्थिती, मग पूर्वपीठिका, मग स्वतःचा अंदाज, मग नेमकी मागणी, या क्रमाने ती बोलली आणि डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. बिनसलं ते आधीच्या अडीच तासांत. इथे चांगलं काय झालं तेही लिहावंच लागतं, आणि खुलाशाची सवय असलेल्यांना हेच सर्वात अवघड जातं.

खरं काम विश्लेषणात आहे. त्यासाठी तपासणीचे गुण कसे मोजतात ते पाहायला हवं. ब्रिटनमधली रुग्णालयं ‘न्यूज टू’ नावाचा तक्ता वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो 2017च्या डिसेंबरमध्ये सुधारून दिला. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे आणखी दोन. बेरीज एक ते चार असेल तर निदान चार ते सहा तासांनी पुन्हा तपासायचं. पाच किंवा सहा झाली तर डॉक्टरांना तातडीने कळवून निदान तासातासाला तपासायचं. सात आणि पुढे म्हणजे आणीबाणी.

2017च्या सुधारणेत शुद्धीच्या रकान्यात एक नवी नोंद आली: नव्याने सुरू झालेला गोंधळ. रुग्ण डोळे उघडतो, बोलतो, पण भलतंच बोलतो आणि काल तसं बोलत नव्हता, तर सरळ तीन गुण. दोन-दहाला श्वासाचे दोन आणि नाडीचा एक, असे आजींचे तीन झाले होते. गोंधळाचे तीन धरले असते तर सहा. म्हणजे चार तासांऐवजी एक तास, आणि डॉक्टरांना फोन दोन वाजताच.

इथे थांबून ‘मी नोंद चुकवली, यापुढे काळजी घेईन’ असं लिहिण्याचा मोह होतो. अर्ध्याअधिक टिपणं इथेच संपतात. पण विश्लेषण म्हणजे त्या क्षणी ती खूण बरोबर का वाटली, याचा शोध. हिने तीन कारणं शोधली. पहिलं हँडओव्हरमधलं. ‘कमी ऐकू येतं’ हे आधीच कानावर पडल्यामुळे आजींचं भलतं उत्तर तिने बहिरेपणाच्या खात्यात टाकलं. दुसरं कारण अधिक खोल आहे. गोंधळ नवा आहे की जुना, हे रुग्णाकडे पाहून कळतच नाही, त्याला कालचा रुग्ण माहीत असावा लागतो. रात्री आलेल्या परिचारिकेला तो माहीत नसतो. तो दोघींना माहीत होता: संध्याकाळी आजींशी बोललेल्या असिस्टंटला आणि दुपारी भेटून गेलेल्या लेकीला. लेक जाताना दिवसपाळीच्या सिस्टरला म्हणाली होती, “आई आज वेगळीच वाटतेय.” हे तिला नंतर फाइल चाळताना सापडलं. ते लिहिलं गेलं होतं, पण हँडओव्हरमध्ये बोललं गेलं नव्हतं.

तिसरं कारण लिहायला तिला वेळ लागला. ज्या रुग्णालयात ती शिकली तिथे वॉर्डातल्या मावशींचं बोलणं कागदावर येत नसे. मावशी सांगत, सिस्टर ‘हो, बघते’ म्हणत, आणि नोंद सिस्टरला जे दिसेल त्याचीच होई. असिस्टंटचं वाक्य तिने त्याच कानाने ऐकलं. वर ती चीड होतीच. त्यामुळे ‘संध्याकाळी अशा बोलत नव्हत्या’ ही माहिती तिच्यापर्यंत तक्रार म्हणून पोचली. खरं तर त्या रात्रीचं सर्वांत मोलाचं निरीक्षण तेच होतं.

माझ्या मते चक्राची मर्यादाही इथेच दिसते. सगळे प्रश्न ‘मी’ला विचारलेले असल्यामुळे बारा रुग्णांमागे एक परिचारिका हा भाग कडेला पडतो. तो टिपणात यायला हवा, पण तक्रार म्हणून नव्हे, परिणामासकट: औषध अर्धवट सोडून जाता येत नव्हतं म्हणून उशीर किती झाला, वगैरे. आणि मनुष्यबळाच्या कमतरतेची औपचारिक नोंद रुग्णालयाच्या घटना-नोंदणीतच करायची, टिपणाने तिची जागा घेता येत नाही.

दुसरी अडचण भीतीची. 2018च्या जानेवारीत डॉ. हदिझा बावा-गर्बा यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपिलात तो निर्णय फिरला), तेव्हा आपलं मनन-लेखन आपल्याविरुद्ध वापरलं जाईल या शंकेने तिथले डॉक्टर धास्तावले होते. परिचारिकांनाही ती शंका येतेच. म्हणून टिपणात रुग्ण, नातेवाईक किंवा सहकारी ओळखू येईल असं काही लिहायचं नाही, हा कौन्सिलचा पक्का नियम आहे. वॉर्डचं नाव, नेमकी तारीख, विरळा आजार हे सगळं गाळायचं.

निष्कर्षात हिने दोनच वाक्यं ठेवली: शुद्धीची खूण मी एकट्याच्या पाहण्यावरून केली, ती तुलना करून करायला हवी होती; आणि तुलना करू शकणारी व्यक्ती माझ्यासमोर उभी होती.

कृती-आराखड्यात ‘अधिक सजग राहीन’ चालत नाही, कारण सजगता तपासता येत नाही. काय करणार, केव्हापासून, आणि केलं हे कशावरून कळणार, एवढं हवं. हिने लिहिलं की 65 वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाबद्दल हँडओव्हरच्या वेळी ‘नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेत का?’ हा एक प्रश्न विचारीन, आणि नातेवाईक भेटले तर त्यांनाही विचारीन. उत्तर ‘हो’ आलं तर ‘फोर ए टी’ ही छोटी चाचणी करीन. तिच्यात रुग्णाला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगतात, दोन-चार मिनिटांत ती होते. असिस्टंटने सांगितलेला बदल तिच्याच शब्दांत, वेळेसह, नोंदीत लिहीन. दोन महिन्यांनी माझ्याच दहा नोंदी काढून हे झालं का ते पाहीन.

चर्चेला बसलेल्या वरिष्ठ परिचारिकेने आराखडा वाचून एकच गोष्ट विचारली, लेकीचं वाक्य हँडओव्हरमध्ये का आलं नाही? ते हिच्या हातात नव्हतं. मग दोघींनी मिळून वॉर्ड मॅनेजरला लिहिलं की हँडओव्हरच्या छापील कागदावर ‘घरचे काय म्हणाले’ असा एक रकाना वाढवावा.