नावात दया नको, आपुलकी हवी
बांधकाम मजुरांच्या मुलांना वाचन शिकवणाऱ्या संस्थेचे नाव कसे ठरवावे?

गोव्यात जिथे नवी इमारत उभी राहते, तिथे तिच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांची एक रांगही उभी राहते. उत्तर कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार, बंगाल अशा ठिकाणांहून आलेले गवंडी, सेंट्रिंग कामगार आणि बिगारी तिथे कुटुंबासह राहतात. त्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी काही मंडळी संध्याकाळी एखादी चटई अंथरून बसू लागतात. काम वाढते, वह्या-पुस्तकांसाठी देणग्या येऊ लागतात आणि मग नोंदणीचा विचार सुरू होतो. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणांनी घटनापत्रावर सह्या करायच्या असतात आणि त्या घटनापत्रात सर्वांत आधी लिहायचे असते ते संस्थेचे नाव.

हे नाव देणगीदाराच्या पावतीवर छापले जाते, तसेच ते मुलाच्या दप्तरावर, वहीच्या मुखपृष्ठावर आणि ओळखपत्रावरही येते. तेच दप्तर पाठीला लावून मूल उद्या सरकारी प्राथमिक शाळेत जाणार असते. म्हणून संस्थेचे नाव हे मुलाविषयी चारचौघांत केलेले विधानही असते, हे लक्षात घेऊन त्याची निवड करावी लागते.

दया नावात कशी शिरते?

दयेची नावे सहसा तीन वाटांनी येतात. पहिली वाट उणिवेची. ‘वंचित’, ‘उपेक्षित’, ‘निराधार’ असे शब्द नावात आले, की मुलाची ओळख त्याच्याकडे काय नाही यावरून ठरते. दुसरी वाट दात्याची. ‘आधार’, ‘आसरा’, ‘मदतीचा हात’ या नावांत क्रिया करणारा असतो तो देणारा, आणि मूल केवळ घेणारे उरते. तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण ती सुंदर दिसते. ‘ज्योती’, ‘दीप’, ‘पहाट’, ‘किरण’ या शब्दांत उजेड आहे खरा. पण उजेड आणला असे म्हणताना आधी तिथे अंधार होता, असे न बोलता सांगितले जाते. ज्या घरात आई तीन भाषा बोलते आणि बाप नकाशा पाहून सळईचे माप काढतो, त्या घराला अंधार म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही.

व्याकरणाची एक साधी कसोटी इथे उपयोगी पडते. नावाचे वाक्य करून पाहावे आणि त्यात कर्ता कोण, हे विचारावे. ‘आम्ही मुलांना आधार देतो’ या वाक्यात मूल कर्ता नाही. ‘मुले इथे वाचतात’ या वाक्यात ते कर्ता आहे. दुसरी कसोटी अधिक कठोर आहे. नाव सुचवणाऱ्याने स्वतःच्या मुलाला त्या नावाच्या वर्गात पाठवले असते का? उत्तर नकारार्थी असेल, तर ते नाव दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये.

आधीच्या नावांनी काय केले?

या क्षेत्रातील जुनी नावे पाहिली, तर त्यांतील चांगली नावे साधी आहेत. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव ‘मोबाइल क्रेशेस’, म्हणजे फिरती पाळणाघरे. मजूर जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, ही कामाची पद्धतच त्या नावात आली. मुंबई-पुण्यातील ‘डोअर स्टेप स्कूल’नेही तेच केले. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळा दारापर्यंत जाईल, एवढेच ते नाव सांगते. दोन्ही नावांत मुलाच्या गरिबीचा उल्लेख नाही आणि संस्थेच्या औदार्याचाही नाही.

महाराष्ट्रातील ‘भोंगाशाळा’ आणि ‘साखरशाळा’ ही नावे जागेवरून आली. वीटभट्टीवरील मजूर ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. साखरशाळा ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी भरत असे. ही नावे मजुरांच्या बोलीतील आणि परिसरातील असल्याने कुणाला समजावून सांगावी लागली नाहीत. तथापि त्यांना एक मर्यादाही आहे. नाव आईबापाच्या धंद्याशी बांधले गेले, की मूल दुसऱ्या शाळेत गेल्यावरही ती ओळख त्याच्या मागे जाते. गोव्यातील बांधकामावरून उद्या नियमित शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरावर ‘मजूर’ किंवा ‘साइट’ हा शब्द असावा का, याचा विचार म्हणूनच आधी व्हायला हवा.

‘शाळा’ हा शब्द जपून

नावात ‘शाळा’ किंवा ‘विद्यालय’ घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. संध्याकाळचा वाचनवर्ग ही कायद्याच्या अर्थाने शाळा नव्हे. कायद्यापेक्षाही मोठी अडचण आईच्या समजुतीची आहे. पाटीवर ‘शाळा’ लिहिलेले असेल, तर मुलाचे नाव शाळेत घातले आहे, असे तिला वाटू शकते. वर्ष निघून जाते आणि हजेरीपटावर मूल कुठेच नसते. याच कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नावामुळे हा हक्क दृष्टीआड होता कामा नये. ‘वर्ग’, ‘वाचन’, ‘घर’, ‘अंगण’ असे शब्द त्या दृष्टीने अधिक प्रामाणिक ठरतात.

एक शब्द, अनेक कान

गोव्यातील एकाच लेबर कॅम्पवर कन्नड, हिंदी, ओडिया, बंगाली आणि कोकणी या भाषा एकाच नळावर भेटतात. मराठीत गोड वाटणारा शब्द तिथे भलत्याच अर्थाने पोहोचू शकतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि कन्नडमध्येही ‘शिक्षे’ म्हणजे दंडच. हिंदी भाषक कार्यकर्त्याने प्रेमाने सुचवलेले नाव विजयपूरच्या आईला धाक घालील. बांधकामाशी नाते सांगण्यासाठी कुणी ‘वीट’ हा शब्द सुचवला, तर मराठीत वीट येतोही, याची आठवण द्यावी लागेल. ‘ओळख’सारख्या नावातला ‘ळ’ कन्नड आणि ओडिया भाषकांना सहज जमतो; हिंदी आणि बंगाली भाषक त्याचा बहुधा ‘ल’ करतील.

तीन नावांची चाळणी

उदाहरणादाखल तीन नावे चाळून पाहू: ‘अक्षरदीप’, ‘पायाभरणी’ आणि ‘वाचनघर’.

‘अक्षरदीप’ ऐकायला चांगले, पण दीप आला की न सांगितलेला अंधारही आला. शिवाय त्यात ‘क्ष’ आहे. नुकते वाचू लागलेल्या मुलाला जोडाक्षरे सर्वांत शेवटी येतात. वाचन शिकवणाऱ्या संस्थेचे नावच मुलाला वाचता येऊ नये, ही विसंगती टाळण्यासारखी आहे.

‘पायाभरणी’ ठेकेदारांना आवडेल, कारण तो त्यांच्या व्यवहारातला शब्द आहे. जागा मिळवताना त्याचा उपयोगही होईल. पण वाक्य करून पाहिले, तर पाया भरणारे कार्यकर्ते आणि मूल म्हणजे उभारायची इमारत, असा अर्थ निघतो. बांधकामावर राहणाऱ्या मुलाला पुन्हा बांधकामाचीच उपमा कशासाठी, हा प्रश्नही उरतो.

‘वाचनघर’मध्ये पाच अक्षरे आणि एक काना आहे, जोडाक्षर नाही. मुळाक्षरे आणि काना शिकलेले मूल ते स्वतः वाचू शकते आणि त्याच्या वहीवरचे नाव हाच त्याचा पहिला पाठ होतो. हिंदी भाषकाला ‘घर’ कळते. कन्नड भाषकाच्या कानी ‘वचन’ पडेल. बसवण्णांच्या वचनांमुळे तो शब्द तिथे आदराचाच आहे. डॉक्टरांचे मूलही वाचनघरात जाऊ शकते. इमारत पूर्ण होऊन खोल्या मोडल्या, तरी पुढच्या जागी तेच नाव नेता येते.

तरी त्यातही एक गोम आहे. रोमन लिपीत Vachanghar लिहिले, तर वाचन आणि वचन यांत फरक राहत नाही. Vaachanghar लिहावे, तर लोक एक ‘a’ गाळतील. म्हणून एकच स्पेलिंग ठरवून ते नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँक खाते आणि संकेतस्थळ यांवर अक्षरशः तसेच ठेवावे लागते. एका अक्षराचा फरक पडला, तरी खाते उघडताना कागद परत येतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदणी करायची असेल, तर नावाशेवटी फाउंडेशन, असोसिएशन, फोरम अशांपैकी एखादा शब्द जोडावा लागतो. तोही आधीच उच्चारून पाहावा. असे नाव अन्यत्र वापरात असू शकते, म्हणून निबंधक कार्यालयात आणि ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदींत शोध घेतल्याशिवाय पाटी रंगवू नये.

नावाखालची ओळ आणि शेवटची परीक्षा

नावाने सगळे सांगण्याची गरज नसते. काम काय आणि कुणासाठी, हे खालच्या छोट्या ओळीत सांगता येते. ‘गरीब मजुरांच्या मुलांसाठी मोफत सेवा’ असे लिहिण्यापेक्षा ‘बांधकामाच्या जागी रोज संध्याकाळी वाचनवर्ग’ असे लिहिले, तर जागा, वेळ आणि काम तिन्ही कळतात आणि कुणाची मान खाली जात नाही. ही ओळ पत्रकावर आणि पावतीवर असावी. दप्तरावर नाव पुरेसे आहे.

छपाईपूर्वी दोन आठवडे नाव कॅम्पवर वापरून पाहावे. आयांना ते एकदाच सांगावे आणि दुसऱ्या दिवशी विचारावे. आठवले नाही, तर नाव लांब किंवा अवघड आहे. आठवले पण वेगळे उच्चारले गेले, तर तो उच्चार लिहून ठेवावा. कधीकधी तो मूळ नावापेक्षा बरा असतो. मुले दप्तरावरचे नाव आतल्या बाजूला वळवू लागली, तर मात्र ते नाव बदलावे, मग ते देणगीदारांना कितीही आवडलेले असो.

बहुतेक ठिकाणी नोंदणीपूर्वीच आयांनी त्या वर्गाला काहीतरी नाव दिलेले असते. मूल दिसले नाही, की ते कुठे गेले आहे हे सांगताना त्या एक ठरावीक शब्द वापरतात. सात सह्यांची बैठक भरवण्याआधी तो शब्द कोणता, हे जाऊन ऐकून यावे.