राखी परदेशी पाठवताना शेवटची तारीख कोणती?

२०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे. महिना लांब आहे म्हणून बहिणी निवांत राहतात आणि घोटाळा तिथेच होतो. राख्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ‘परदेशी ५ दिवसांत’ असं लिहिलेलं असतं. पण हे दिवस पार्सल दुकानातून निघाल्यानंतरचे असतात, पैसे भरल्यानंतरचे नव्हेत.

म्हणून हिशेब उलटा मांडावा. न्यू जर्सीतल्या भावाला राखी २६ तारखेला मिळावी, म्हणजे दोन दिवस हाताशी राहतील. स्पीड पोस्टने १० ते १८ दिवस धरले, तर त्यातला मोठा आकडा घ्यायचा. पाकीट ८ ऑगस्टला निघायला हवं आणि बांधणीला दोन दिवस लागतात. म्हणजे ऑर्डर ५ तारखेलाच बंद. खासगी कुरिअरला ५ ते ९ दिवस धरले, तर १७ ऑगस्टला, सोमवारी पाठवता येतं. पण १५ला सुट्टी, १६ला रविवार, म्हणून बांधणी १३ आणि १४ला उरकायची आणि ऑर्डर १२च्या संध्याकाळपर्यंतच घ्यायची. ग्राहकाला हवी असते ती हीच तारीख.

पॅक कोणता, यावरही बरंच अवलंबून असतं. रेशमी दोऱ्याची चपटी राखी आणि शुभेच्छापत्र पाकिटात मावतं. मोठ्या फुलाची, खड्यांची राखी पाकीट फुगवते आणि ते लहान पार्सलमध्ये गणलं जातं. मिठाईचा डबा कुरिअरनेच द्यावा. ऑस्ट्रेलियासाठी मिठाई, अक्षता आणि रुद्राक्षाची राखी तीनही वगळलेली बरी. तिथली जैवसुरक्षा तपासणी दुधाचे पदार्थ, धान्य आणि बिया अडवते, आणि रुद्राक्ष हे बीच आहे. सीमाशुल्काच्या कागदावर नुसतं ‘राखी’ लिहू नये. तिकडच्या अधिकाऱ्याला तो शब्द कळत नाही. ‘मनगटावर बांधायचा कापडी धागा’ असं इंग्रजीत लिहावं.

अमेरिकेसाठी यंदा आणखी एक गोष्ट आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ला बंद झाली. गेल्या वर्षीची राखी त्याआधीच, ९ ऑगस्टला होऊन गेली होती, त्यामुळे विक्रेत्यांना हे यंदाच पहिल्यांदा जाणवेल. कर किमतीत धरलाय की भावाकडे मागितला जाणार, हे जाहिरातीत स्पष्ट हवं.

पार्सल मुंबईहून सुटलं की ट्रॅकिंग कधीकधी आठवडाभर हलत नाही. ते हरवलेलं नसतं, पलीकडच्या नोंदीची वाट बघत असतं.

मी विक्रेती असते, तर एवढंच लिहिलं असतं: ‘अमेरिका. चपटी राखी, स्पीड पोस्ट: ऑर्डर ५ ऑगस्टपर्यंत, निघाल्यापासून १० ते १८ दिवस. मिठाईसह, कुरिअर: १२ ऑगस्टपर्यंत, ५ ते ९ दिवस. कर किमतीत धरलेला. भावाचा तिथला मोबाइल नंबर आणि पिनकोड नक्की द्या.’