रॅकखालची जमीन

भिवंडीच्या परिसरात भातखाचरांच्या जागी मोठमोठी गोदामे उभी राहिली. खाडीलगतच्या अशा जमिनीत वरच्या कडक पापुद्र्याखाली मऊ चिकणमाती असू शकते. तिथे फ्लोअर घालायचे ठरले की पहिली चौकशी होते ती काँक्रीटच्या जाडीची. माझ्या मते त्याआधी भरावाची चौकशी व्हायला हवी.

एक हिशेब करून पाहू. रॅकला चार मजले आहेत आणि प्रत्येक खणात मजल्यामागे एकेक टनाची दोन पॅलेट आहेत. म्हणजे खणाला ८ टन. मधल्या पायांवर दोन्ही बाजूंच्या खणांचा वाटा येतो, म्हणून एका पायावर ४ टन. हा भार तळहाताएवढ्या लोखंडी प्लेटमधून उतरतो. तरी २०० मिलिमीटरचा स्लॅब तो जवळपास मीटरभर अंतरापर्यंत फाकवतो, आणि मातीवरचा दाब पुष्कळ कमी होतो.

खोलवरच्या चिकणमातीला मात्र एकेक पाय जाणवत नाही, सगळ्या गोदामाचे वजन जाणवते. मधल्या वाटा आणि जमिनीवरची पॅलेट धरून रॅकचा भार चौरस मीटरला सरासरी सव्वा टन येतो. ट्रकच्या उंचीला फ्लोअर आणण्यासाठी घातलेला १.२ मीटर मुरूम सव्वादोन टनांच्या पुढे जातो! या ओझ्याने चिकणमातीतले पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन बसते. थर दुप्पट जाड असला तर त्याला चौपट वेळ लागतो. जाड स्लॅबने हे थांबत नाही.

सगळे सारखे बसले तर फारसे बिघडत नाही. पण मीटरभर खोलीच्या रॅकचा पुढचा पाय ५ मिलिमीटर जास्त बसला, तर १० मीटर उंचीवरचा माथा ५० मिलिमीटर कलतो. म्हणून आधी मातीत उभे निचरा-पट्टे घालावेत, भरावावर आणखी मीटरभर मुरूम काही महिने ठेवावा आणि बसण्याची नोंद घ्यावी. रॅकचा भार जेमतेम पाऊण मीटर मुरमाइतका असल्याने एवढे ओझे पुरते. नोंदीचा आलेख सपाट झाल्यावरच वरचा मुरूम काढून काँक्रीट ओतावे.

मग जॉइंट. स्लॅबचा कोपरा सर्वांत दुबळा असतो, म्हणून जॉइंटची आखणी रॅकचा नकाशा समोर ठेवूनच करावी. पाय जॉइंटवर किंवा कोपऱ्यावर येऊ नयेत. पाच-साडेपाच मीटरचे, शक्यतो चौरस तुकडे पाडावेत आणि शक्यतो काँक्रीट ओतल्याच्या दिवशीच जाडीच्या पाव ते तृतीयांश खोलीचा काप घ्यावा. बांधकामाच्या जॉइंटमधले गुळगुळीत डॉवेल शेजारच्या तुकड्यांत पायरी पडू देत नाहीत, पण खड्डा पडायचा तो पडतोच. पाइलवरचे खांब बसत नाहीत, फ्लोअर बसतो. तिथे जॉइंट मोकळा ठेवावा लागतो.

खांबाभोवती फ्लोअर उतरलेला दिसला, रॅक ओळंब्यातून सरकले, तर ती आकसण्याची भेग नव्हे. माल भरण्यापूर्वीच फ्लोअरवर खुणा ठोकून पातळी नोंदवून ठेवली, तर सहा महिन्यांनी कुठला पाय किती उतरला ते मिलिमीटरमध्ये सांगता येते.