अवधाण का येतं?

पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, नीट निघाला नाही आणि दोन दिवसांत अंगठा ठणकू लागला, की बऱ्याचदा त्याच बाजूच्या जांघेत सुपारीएवढी गाठ येते. दाबली की दुखते, चालताना कळ मारते. गावाकडे याला अवधाण आलं असं म्हणतात. जखम अंगठ्याला आणि सूज हातभर वर जांघेत, हे कोडं वाटतं. ही गाठ मात्र नव्याने उगवलेली नसते. तिथली लसिकाग्रंथी आधीपासून असतेच. एरवी ती लहान आणि मऊ असल्यामुळे सहसा जाणवत नाही. अशा काहीशे ग्रंथी मान, काख, जांघ, छाती आणि पोट इथे विखुरलेल्या असतात. काटा रुतल्यावर ती का फुगते हे समजून घ्यायचं, तर आधी एक मोठी अडचण पाहावी लागते.

आपल्या शरीरात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अंदाजे एक लाख कोटी असतात. मात्र त्यांतली प्रत्येक पेशी एकच विशिष्ट खूण ओळखते. अंगठ्यात शिरलेल्या जंतूची एखादी खूण ओळखणाऱ्या, अजून एकदाही लढाईत न उतरलेल्या पेशी लाखात एखादी, कधी दहा लाखांत एखादी. त्या एका पेशीने नेमक्या त्याच वेळी त्याच अंगठ्यात असावं, ही अपेक्षाच फोल. म्हणून शरीर पेशीला जंतूकडे पाठवत नाही. जंतूचे अंश आणि पेशी या दोघांनाही ते एका ठरलेल्या जागी आणतं. ती जागा म्हणजे लसिकाग्रंथी.

जंतूचे अंश येतात ते लसिकेच्या वाटेने. रक्तवाहिन्यांतून सतत थोडं द्रव ऊतींमध्ये पाझरतं. ते गोळा करून परत नेणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या आणि त्यांतलं द्रव म्हणजे लसिका. अंगठ्याकडून निघालेली लसिका पायाच्या आतल्या बाजूने वर चढते आणि जांघेतल्या ग्रंथीत शिरते. ग्रंथी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची असते. फुगीर बाजूने अनेक नळ्या आत येतात, खळगीच्या बाजूने एखाददुसरी बाहेर पडते. वरच्या आवरणाच्या लगेच खाली एक अरुंद पोकळी असते. आलेली लसिका आधी तिथे पसरते आणि तिथल्या भक्षक पेशी सुटे जंतू धरून ठेवतात. त्याच्या आत बी लिम्फोसाइटचे गोल पुंजके असतात. त्याखाली टी लिम्फोसाइटचा दाट पट्टा आणि अगदी आत, खळगीजवळ, प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींची वस्ती.

लिम्फोसाइट मात्र इथे मुख्यतः रक्तातून येतात आणि हे कळायला बराच काळ गेला. छातीतून वर जाणारी सर्वांत मोठी लसिकावाहिनी मानेच्या डाव्या बाजूला तळाशी शिरेत रिकामी होते आणि तिच्यातून रोज अफाट संख्येने लिम्फोसाइट रक्तात ओतले जातात. इतके, की रक्तातले सगळे लिम्फोसाइट दिवसातून अनेकदा बदलले जावेत. तरीही रक्तातली संख्या वाढत नाही. मग ते जातात कुठे? मरत असावेत किंवा दुसऱ्याच पेशींत बदलत असावेत, असे तर्क होते. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदराच्या या वाहिनीत नळी घालून लसिका बाहेर काढायला सुरुवात केली. हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला होता पेनिसिलिनमुळे जगाला माहीत झालेल्या हॉवर्ड फ्लोरी यांनी. लसिका काढत राहिलं, की काही दिवसांत तिच्यातले लिम्फोसाइट झपाट्याने घटत. त्याच पेशी उंदराच्या रक्तात परत सोडल्या, की घट थांबे. गोवन्स यांनी १९५९ मध्ये मांडलेला निष्कर्ष सरळ होता: पेशी नव्याने तयार होत नव्हत्या, त्याच त्या पुन्हापुन्हा फिरत होत्या. रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसिकेत, लसिकेतून परत रक्तात.

आता प्रश्न उरला तो दाराचा. १९६४ मध्ये गोवन्स आणि ज्युली नाइट यांनी किरणोत्सारी खूण केलेले लिम्फोसाइट उंदरांच्या रक्तात सोडले आणि ग्रंथींचे पातळ काप तपासले. काही मिनिटांतच खूण असलेल्या पेशी टी पट्ट्यातल्या एका खास जातीच्या बारीक शिरांच्या भिंतीत दिसल्या. एरवी शिरेचं अस्तर चपट्या पेशींचं असतं. या शिरांचं अस्तर उंच, गुबगुबीत पेशींचं आहे.

या भिंतीपाशी काय घडतं, ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. लिम्फोसाइटच्या अंगावर एल-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं. भिंतीवरच्या विशिष्ट शर्करांना ते हलकेच चिकटतं आणि सुटतं, पुन्हा चिकटतं आणि सुटतं. त्यामुळे रक्ताच्या लोंढ्यात वाहणारी पेशी भिंतीवरून हळूहळू लोळू लागते. लोळताना तिला भिंतीवर मांडलेला एक रासायनिक संकेत लागतो. तो ओळखणारा ग्राहक, सीसीआर-७, तिच्याकडे असेल तरच पुढचं घडतं. संकेत मिळताच एलएफए-१ हे तिचं दुसरं प्रथिन दुमडलेल्या स्थितीतून ताठ होतं आणि भिंत घट्ट धरतं. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातून आत सरकते. तांबड्या पेशींकडे यातलं काहीच नसतं, म्हणून त्या तिथूनच वाहून पुढे जातात. इतर बहुतेक पांढऱ्या पेशींना सगळ्या खुणा एकत्र जुळत नाहीत. एका खुणेने भागत नाही, तिन्ही ओळीने पटाव्या लागतात. निवड एवढी काटेकोर होते ती यामुळे.

आत आलेली टी पेशी स्वस्थ बसत नाही. ग्रंथीत धाग्यांसारख्या पेशींचं जाळं असतं. त्यावरून ती मिनिटाला साधारण स्वतःच्या लांबीएवढं अंतर चालते. वाटेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी भेटतात. यांतल्या काही दिवसाभरापूर्वी अंगठ्याच्या कातडीत होत्या. जंतूचे तुकडे अंगावर घेऊन त्या लसिकेबरोबर इथवर आल्या. टी पेशी त्यांना चाचपून पाहते. तिची खूण जुळली नाही, तर अर्ध्या ते एका दिवसात ती बाहेर पडते आणि दुसऱ्या ग्रंथीत हाच शोध घेते.

बाहेर पडण्याची वाटही रसायनाने आखलेली असते. एस-१-पी नावाचा स्निग्ध रेणू रक्तात आणि लसिकेत भरपूर, ग्रंथीच्या आतल्या भागात अगदी कमी. पेशी आपल्या ग्राहकाने तो हुंगत जास्तीकडे जाते, म्हणजेच बाहेर. संसर्ग झाला, की आतल्या लिम्फोसाइटवर सीडी-६९ नावाचं प्रथिन येतं आणि या ग्राहकाला पृष्ठभागावरून आत ओढतं. पेशीला बाहेरची दिशाच कळेनाशी होते. त्याच वेळी ग्रंथीकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो. आवक वाढली, जावक बंद. ग्रंथी फुगते, आवरण ताणलं जातं आणि दुखतं. हेच आपलं अवधाण.

पुढचे दिवस जुळलेल्या पेशीचे. ती विभागत जाते आणि चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो होतात. तोवर त्यांचा बाहेर जाण्याचा ग्राहक परत येतो आणि त्या निघतात. मात्र आता त्यांची पत्त्याची खूण बदललेली असते. एल-सिलेक्टिन कमी होतं आणि कातडीच्या सुजलेल्या शिरा ओळखणारे रेणू येतात, म्हणून त्या अंगठ्याकडे वळतात. आतड्याच्या ग्रंथीत तयार झालेल्या पेशींवर याऐवजी आतड्याच्या शिरांची खूण येते. तिथल्या डेंड्रायटिक पेशी जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनवलेल्या रेणूने ती उमटवतात.

बाहेरचं हे दार औषधानेही बंद करता येतं. फिंगोलिमोड हे औषध एस-१-पीच्या ग्राहकालाच निकामी करतं. अमेरिकेत २०१० मध्ये ते मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्य झालं. या आजारात लिम्फोसाइट मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. औषध घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट खूप घटलेले दिसतात. पेशी मेलेल्या नसतात, ग्रंथींत अडकलेल्या असतात. रक्तात एरवीही शरीरातल्या शंभर लिम्फोसाइटपैकी दोनच असतात, त्यामुळे रक्ताच्या अहवालावरून साऱ्या शरीराचा हिशोब लागत नाही.

हे सगळं झालं जंतू ऊतींमध्ये असताना. तो थेट रक्तात शिरला तर? तिथे लसिकाग्रंथीचा उपयोग मर्यादित, कारण तिच्याकडे खबर लसिकेतून येते. रक्ताची राखण करते ती डाव्या बरगड्यांआडची सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची प्लीहा, म्हणजे पानथरी. तिच्यात लसिका घेऊन येणारी नळीच नाही. जंतू आणि लिम्फोसाइट दोघेही रक्तातूनच येतात. आत शिरलेल्या बारीक धमन्यांभोवती टी पेशींचं वेष्टण असतं आणि त्याला लागून बी पेशींचे पुंजके. हा पांढरा गर. बाकीचा बहुतांश भाग लाल गर. गंमत म्हणजे गुबगुबीत अस्तराच्या त्या शिरा इथे नाहीत. पांढऱ्या गराच्या कडेला रक्त मोकळ्या जागेत येतं आणि लिम्फोसाइट तिथून आत शिरतात. त्यांना एल-सिलेक्टिनची गरज पडत नाही. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत लसिकाग्रंथी लहान आणि ओस दिसतात, प्लीहा मात्र भरलेली असते.

लाल गरात तांबड्या पेशींना अरुंद फटींतून अंग चोरून जावं लागतं. ताठर झालेल्या पेशी तिथे अडकतात आणि भक्षक पेशी त्या गिळतात. कडेच्या भागातल्या बी पेशींचं काम आणखी मोलाचं. न्यूमोकॉकससारख्या जंतूंवर शर्करेचं गुळगुळीत कवच असतं आणि त्यामुळे भक्षकांना ते धरता येत नाहीत. या बी पेशी कवचाला चिकटणारी प्रतिपिंडं झटपट सोडतात. प्लीहा काढलेल्या काही तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग झाल्याची नोंद किंग आणि शूमाकर यांनी १९५२ मध्ये केली, तेव्हा कुठे या कामाची किंमत ध्यानात आली.

विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांमध्ये हेच शस्त्रक्रियेविना घडू शकतं. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी प्लीहेतल्या बारीक वाटा तुंबवतात आणि ऊती मरत जाते. आपल्याकडच्या रुग्णांत ती बरीच वर्षं वाढलेली राहू शकते. पण हाताला लागते म्हणून ती काम करतेच असं नाही. रक्ताच्या काचपट्टीवर हे कळतं. तांबड्या पेशींत केंद्रकाचे गोल, गडद ठिपके दिसू लागले, की ते काढून टाकणारी प्लीहा थकली असं समजायचं. अशा माणसाला न्यूमोकॉकसची लस हवी आणि प्लीहा ठरवून काढायची असेल तर ती शक्यतो दोन आठवडे आधी द्यावी. लस सगळ्या जाती रोखत नाही, म्हणून थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.

जांघेतल्या गाठीबद्दल एवढी घाई सहसा लागत नाही. जखम भरत आली, की दोन-तीन आठवड्यांत ती ओसरते. पायावरून लाल रेघ वर चढत असेल किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरकडे लगेच जावं. जवळपास जखम नसताना आलेली, न दुखणारी, टणक आणि महिनाभर वाढतच राहिलेली गाठ वेगळी. मानेत ती आपल्याकडे अनेकदा क्षयाची निघते, कधी कर्करोगाची. गळपट्टीच्या हाडाच्या वर आलेली गाठ तर कितीही लहान असो, तपासून घ्यावी, कारण छाती आणि पोटातली लसिका तिथूनच रक्ताला मिळते.