कंबर मोजा, मग वक्र पाहा!

मधुमेहाचा एकही रुग्ण हातून सुटणार नाही अशी चाचणी हवी आहे? अगदी फुकटात होते. शिबिरात येईल त्या प्रत्येकाला सांगायचे, "तुम्हाला मधुमेह आहे." शंभरातले शंभर रुग्ण सापडतील; फक्त सगळे निरोगी लोकही त्यांच्यासोबत घाबरून घरी जातील. म्हणून चाचणीला नेहमी दोन प्रश्न विचारावे लागतात: आजारी किती पकडलेस आणि निरोगी किती उगाच अडकवलेस? या दोन उत्तरांचा आलेख म्हणजे आरओसी वक्र. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका शत्रूचे विमान आहे की नुसता गोंधळ, हे ठरवताना तो जन्मला आणि पुढे दवाखान्यात आला.

सुई न टोचता १०० गुण

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये चार प्रश्नांची एक गुणपत्रिका मांडली. वय, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्यावर ० ते १०० गुण. वय पन्नाशीपुढे असेल तर ३०, बैठे काम आणि व्यायाम शून्य असेल तर आणखी ३०. आईवडील दोघांना मधुमेह असेल तर २०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर झाली की १०, १०० झाली की २०. (टेप लावताना पोट आत ओढणारे काका इथे १० गुण सहज वाचवतात. मधुमेह मात्र वाचत नाही.)

६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. ही सीमा धरली तेव्हा १०० रुग्णांपैकी सुमारे ७२ पकडले गेले आणि १०० निरोग्यांपैकी ४० जण उगाच अडकले. आलेखावर आडव्या अक्षावर ४०, उभ्या अक्षावर ७२: हा झाला एक ठिपका. सीमा ५०वर आणा, जास्त रुग्ण सापडतील आणि जास्त निरोगीही अडकतील. ठिपका वर आणि उजवीकडे सरकतो. ७०वर न्या, दोन्ही घटतात. असे सगळे ठिपके जोडले की वक्र तयार. चाचणी तीच असताना सीमा हलवून फक्त या वक्रावरून चालता येते, त्याच्या वर उडी मारता येत नाही. चांगल्या चाचणीचा वक्र डाव्या वरच्या कोपऱ्याला खेटतो, नाणेफेकीचा सरळ तिरकी रेघ होतो.

०.७० म्हणजे काय?

वक्राखालचे क्षेत्रफळ या गुणपत्रिकेसाठी ०.६९८ आले. अर्थ सोपा: एक रुग्ण आणि एक निरोगी असे डोळे मिटून निवडा, शंभरपैकी सुमारे ७० वेळा रुग्णाचे गुण जास्त असतील. नाणेफेकीला ५० मिळतात. म्हणजे ही गुणपत्रिका हुशार आहे, पण रोग ठरवण्याइतकी नाही. तिचे काम पुढच्या तपासणीसाठी माणसे निवडण्याचे.

वक्र तोच, शिबिर वेगळे

समजा, पुण्यातल्या एका शिबिरात १००० माणसे आली आणि त्यांतल्या १०० जणांना मधुमेह आहे. गुणपत्रिका सुमारे ७२ रुग्ण पकडेल, पण ९०० निरोग्यांतले ३६० जणही ६०च्या वर जातील. अडकलेल्या ४३२ जणांत खरे रुग्ण सहातला एक. आता हेच तरुणांच्या शिबिरात करा, जिथे हजारात फक्त ३० रुग्ण आहेत, आणि वक्र तोच राहिला असे धरा. तेव्हा सुमारे २२ रुग्णांसोबत ३८८ निरोगी अडकतात: अठरा-एकोणीसमागे एक! वक्राला गावात आजार किती पसरला आहे हे ठाऊकच नसते. म्हणून नुसते क्षेत्रफळ पाहून शिबिर भरवणे हा अर्धा हिशेब आहे.

पुण्याने दाखवलेली मेख

वक्र काढताना खरा रुग्ण कोण हे कोणत्या तरी दुसऱ्या तपासणीने ठरवावे लागते. तिथेच घोळ होतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी विशीतल्या ११६ तरुणांची तपासणी केली; निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. ग्लुकोज पाजून साखर मोजली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर ७.८ टक्के निघाले. एचबीए१सी पाहिले तर २३.३ टक्के! साखर तेवढीच, पण हिमोग्लोबिन कमी असलेल्यांत एचबीए१सी वर सरकत होते आणि लोहाची कमतरता हे त्याचे एक कारण निघाले. एचबीए१सी हीच चाचणी म्हणून वापरली तर असे निरोगी लोक सीमा ओलांडतात, ठिपका उजवीकडे ढकलला जातो आणि दुसऱ्या देशात सुंदर दिसलेला वक्र इथे खाली बसतो.

म्हणून गुणपत्रिकेत ६० आले तर घाबरू नका, उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्त तपासून घ्या. आणि एचबीए१सी काठावर आले असेल तर त्याच अहवालासोबत हिमोग्लोबिनचा आकडाही डॉक्टरांपुढे ठेवा.