खारीक कुठली, विकणारा कोण? ऑनलाइन विकताना खरं लिहा

रमजान जवळ आला की गोंदियात खजूर-खारकेची विक्री वाढते. आता आपली मुलंही घरबसल्या ऑनलाइन विकू लागली आहेत. तिथे एक रकाना असतो, 'मूळ देश'. तो भरताना बरेच जण गोंधळतात, म्हणून आम्ही हे सविस्तर मांडत आहोत.

समजा, एका दुकानदाराने नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून इराकी खजुराची पेटी आणली आणि गोंदियात अर्ध्या किलोची पाकिटं भरली. मूळ देश काय लिहायचा? अनेक जण 'भारत' लिहून टाकतात, कारण पॅकिंग इथलं. हे चूक आहे. पाकीट बदललं म्हणून माल बदलत नाही. मालाचं रूपच पालटेल अशी प्रक्रिया झाली, तरच देश बदलतो. म्हणून इथे 'इराक' लिहायचं, आणि पाकिटं भरणारा म्हणून आपलं नाव-पत्ता वेगळा द्यायचा.

देश ओळखायचा कसा? मूळ पेटीवरचं लेबल पाहा, त्यावर देश आणि आयातदाराचं नाव असतं. पेटी फेकण्याआधी त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. बारकोडवर विसंबू नका. ८९० ने सुरू होणारा बारकोड एवढंच सांगतो की क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला आहे. माल कुठला, ते त्यावरून कळत नाही.

खोटा देश लिहिला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मे २०२५ मध्ये सरकारने पाकिस्तानी मालाच्या आयातीवर बंदी घातली. त्यानंतर जूनमध्ये न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनर पकडले. त्यात खारीकही होती. कागदावर माल संयुक्त अरब अमिरातीचा दाखवला होता, पण तो पाकिस्तानातून दुबईमार्गे आल्याचं तपासात पुढे आलं. असा माल पुढे छोट्या दुकानदारापर्यंत पोहोचला, तर त्याच्याकडे दाखवायला बिल आणि लेबलच असतं.

दुसरी बाब विक्रेत्याच्या माहितीची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता आणि ग्राहकांसाठी फोन नंबर द्यावा लागतो. तक्रार आली तर ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण अपेक्षित आहे. नुसतं 'मदिना ड्रायफ्रूट्स, गोंदिया' लिहून भागत नाही.

ग्राहकाला खजूर हातात घेऊन, चाखून पाहता येत नाही. 'अजवा' म्हणून भलताच खजूर निघाला किंवा पाकिटात कीड दिसली, तर फोन कुणाला करायचा हे त्याला ठाऊक असायला हवं. पत्ता खरा असेल, तर तो आधी तुम्हाला फोन करेल आणि पाकीट बदलून घेईल. पत्ताच नसेल, तर तो १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईल आणि पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. इराकी खजूर इराकी म्हणूनच विकला, तर भाव थोडा कमी येईल, पण पुढच्या रमजानला तोच ग्राहक परत येईल.