🚜 *ट्रॅक्टर सल्ला : कूलंटचा रंग नको, डब्यावरची माहिती बघा*



"नगरला कुठं बर्फ पडतो? मग कूलंट कशाला, पाणीच ओता की!" असं बरेच जण म्हणतात. पण आपल्याकडे कूलंटचं खरं काम गोठण्याशी नाही, उकळणं आणि गंजाशी आहे.

*कूलंटमध्ये काय असतं?*
बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल, क्षार काढलेलं पाणी, गंजरोधक रसायनं आणि थोडा रंग असतो. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. निम्मं ग्लायकॉल असेल तर साधारण १०७ अंशाला. त्यात रेडिएटरचं झाकण कुकरसारखा दाब धरतं, म्हणून उकळी अजून लांबते. मे महिन्यात रोटाव्हेटर मारताना हाच फरक उपयोगी पडतो.

गंज मात्र ग्लायकॉल थांबवत नाही. उलट नुसतं ग्लायकॉल तापून तापून आंबट होतं आणि धातू खातं. संरक्षण करतात ती गंजरोधक रसायनं, आणि ती वापरात संपत जातात. म्हणून रंग चांगला दिसला तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत कूलंट बदलावंच लागतं.

*बोअरचं पाणी का नको?*
ड्रिपच्या नळीत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरमध्ये बसतो. समजा ८ लिटरच्या रेडिएटरमध्ये निम्मं ग्लायकॉल आहे. पाईपची क्लिप गळते म्हणून तुम्ही सहा वेळा अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतलं. ग्लायकॉल ५० वरून साधारण ३४ टक्क्यांवर येतं, गंजरोधकंही तेवढीच पातळ होतात, वरून क्षार वाढतात. आधी क्लिप बदला.

*रंगाचं काय?*
पूर्वीपासून हिरवं म्हणजे बहुधा सिलिकेटसारखी जुन्या पद्धतीची रसायनं, आणि लाल, केशरी, गुलाबी म्हणजे बहुधा जास्त टिकणारी सेंद्रिय आम्लाची. पण रंगाचा पक्का नियम नाही, कंपनी हवा तो रंग टाकते. म्हणून रंग जुळला म्हणून मिसळू नका. दोन प्रकार एकत्र झाले तर आयुष्य कमी होतं, कधी गाळही धरतो. प्रकार बदलायचा असेल तर सगळं काढून, धुऊन मगच भरा.

रंग *बदलला* तर मात्र लक्ष द्या. तांबूस-तपकिरी झालं तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळपणा दिसला तर हेड गॅस्केट तपासून घ्या, ट्रॅक्टर चालवू नका.

✅ "रेडी टू यूज" डब्यात पाणी घालू नका. "कॉन्सन्ट्रेट" असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, बहुधा निम्मं, बॅटरीचं पाणी घाला.
✅ इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा.
⚠️ ग्लायकॉल गोड लागतं पण विषारी आहे. सांडलेलं किंवा काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत किंवा चारीत सोडू नका. मुलांपासून लांब, झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी